लॅपटॉप घेताना एनपीयू बघायचा का? टॉप्सचा आकडा, रॅम आणि दुकानात करायच्या तपासण्या

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि पाच-सात वर्षांचे लॅपटॉप बदलायची वेळ अनेक घरांत आणि छोट्या ऑफिसांत एकदमच आली. दुकानात गेलं की प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांच्या जोडीला आता चौथी गोष्ट सांगितली जाते: "यात एआय आहे, चाळीस टॉप्सचा एनपीयू आहे." एनपीयू म्हणजे न्यूरल प्रोसेसिंग युनिट. त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजावेत का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझं उत्तर असं: आधी रॅम आणि तिचा वेग बघा, मग तुमची सॉफ्टवेअर्स आणि जोडायची उपकरणं त्या मशीनवर चालतात का ते बघा, आणि तरीही दोन लॅपटॉप बरोबरीत राहिले तर एनपीयू बघा. याला दोन-तीन अपवाद आहेत, ते पुढे येतील. हा लेख विंडोज लॅपटॉपबद्दल आहे. मॅक आणि फोनची उदाहरणं पुराव्यापुरतीच घेतली आहेत.

एनपीयू नेमकं काय करतो

फोटोतला चेहरा ओळखणं, आवाजाचे शब्द करणं, मजकुराचा सारांश काढणं ही सगळी कामं आतून एकाच प्रकारची असतात: आकड्यांच्या मोठ्या तक्त्यांचे गुणाकार करायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची. सीपीयू हे करू शकतो, ग्राफिक्स चिप तर फार वेगानं करते. एनपीयू एवढं एकच काम करण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा खरा फायदा विजेच्या बचतीत आहे. जे काम ग्राफिक्स चिप जास्त वीज खाऊन आणि पंखा फिरवून करते, तेच छोटं, अखंड चालणारं काम एनपीयू थोड्या विजेत शांतपणे करत राहतो. व्हिडिओ कॉलमध्ये तासभर पार्श्वभूमी धूसर ठेवणं हे त्याचं अगदी नमुनेदार काम. एनपीयूमुळे एक्सेल लवकर उघडत नाही, ब्राउझर हलका होत नाही आणि गेमही वेगानं चालत नाही.

टॉप्स म्हणजे एका सेकंदात किती लाख कोटी गणितं. हा आकडा मोजून काढलेला नसतो, चिपच्या रचनेवरून हिशेबानं काढलेला असतो. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतल्या सगळ्यात वरच्या चिपमध्ये गुणाकार-बेरीज करणारी १२,२८८ युनिट्स आहेत, प्रत्येक युनिट एका ठोक्याला दोन गणितं करतं आणि घड्याळ १.९५ गिगाहर्ट्झचं आहे:

```
12288 x 2 x 1.95 GHz = 47.9 TOPS
```

जाहिरातीत हेच ४८ टॉप्स छापले जातात. म्हणजे एकही युनिट एक क्षणही रिकामं बसलं नाही तर मिळणारी ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात युनिट्स बराच वेळ मेमरीतून आकडे येण्याची वाट बघत बसतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पायरी १: खोक्यावरचा आकडा कोणाचा, ते ओळखा

मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये `Copilot+ PC` हे नाव जाहीर केलं. त्यासाठी तीन अटी आहेत: एनपीयू ४० टॉप्स किंवा जास्त, रॅम किमान १६ जीबी, साठवण किमान २५६ जीबी. या अटी पूर्ण करणाऱ्या लॅपटॉपलाच रिकॉल, कॅप्शनचं थेट भाषांतर, पेंटमधलं कोक्रिएटर अशा सोयी मिळतात.

खोक्यावरचा आकडा मात्र पुष्कळदा एकट्या एनपीयूचा नसतो. सीपीयू, ग्राफिक्स आणि एनपीयू या तिघांची बेरीज करून तो छापतात. `Core Ultra 9 285H` या दमदार, महागड्या चिपचा एकूण आकडा ९९ टॉप्स आहे. त्यात एनपीयूचे फक्त १३. म्हणून '९९ टॉप्स' लिहिलेला तो लॅपटॉप `Copilot+ PC` नाही, आणि एनपीयूचे ४५ टॉप्स असलेला स्वस्तातला स्नॅपड्रॅगन एक्स आहे. तशीच गत गेमिंग लॅपटॉपची. आरटीएक्स ग्राफिक्स कार्डचे टॉप्स शेकड्यांत असतात, पण अट एनपीयूची असल्यामुळे ते मोजले जात नाहीत.

मालिका ओळखण्यासाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. इंटेलमध्ये २०० मालिकेतला क्रमांक `V` अक्षरावर संपला (`226V`, `258V`) तर एनपीयू ४० किंवा जास्त टॉप्सचा आहे. `H`, `HX`वर संपला तर तो १३च्या आसपास. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या पहिल्या कोअर अल्ट्रा चिप्समध्ये तो सुमारे ११ होता. एएमडीमध्ये `Ryzen AI 300` मालिकेत ५० टॉप्स आहेत, पण `Ryzen 7 250`सारख्या चिप्समध्ये १६च. त्या नव्या नावाच्या असल्या तरी आतून जुन्या पिढीच्या आहेत. स्नॅपड्रॅगन एक्स, एक्स प्लस, एक्स एलिट या तिन्हींत ४५. इंटेलच्या `V` मालिकेत आणखी एक खूण आहे, ती फार उपयोगाची: शेवटचा आकडा ६ असेल (`256V`) तर रॅम १६ जीबी, ८ असेल (`258V`) तर ३२ जीबी. ही रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

कीबोर्डवरच्या कोपायलटच्या बटणावरून काहीही ठरवू नका. ते बटण ११ टॉप्सच्या लॅपटॉपवरही असतं. शिवाय ते दाबल्यावर जो संवाद सुरू होतो त्याची उत्तरं इंटरनेटवरच्या सर्व्हरमधून येतात. चॅटजीपीटी, जेमिनाय यांचंही तसंच. ही तुमची रोजची एआयची गरज असेल तर तुमचा एनपीयू शून्य टॉप्सचा असला तरी उत्तरात काडीचा फरक पडणार नाही.

पायरी २: रॅम आणि तिचा वेग आधी बघा

उपकरणावरच चालणाऱ्या एआयची खरी अडवणूक कुठे होते, हे फोन बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलं आहे. पिक्सेल ८ आणि पिक्सेल ८ प्रो या दोन्ही फोनमध्ये एकच चिप आहे, टेन्सर जी३. तरीही गुगलचं छोटं मॉडेल, जेमिनाय नॅनो, डिसेंबर २०२३मध्ये फक्त प्रोवर आलं. प्रोमध्ये १२ जीबी रॅम होती, साध्यात ८. साध्या पिक्सेल ८ला ते नंतर, २०२४मध्ये मिळालं, तेही डेव्हलपरसाठीच्या सेटिंगमधून चालू करायचा पर्याय म्हणून. ॲपलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०२०च्या एम१ मॅकचं न्यूरल इंजिन, म्हणजे ॲपलचा एनपीयू, ११ टॉप्सचं, तरी त्यावर ॲपल इंटेलिजन्स हे ॲपलचं एआय चालतं, कारण त्या मॅकमध्ये किमान ८ जीबी रॅम आहे. आयफोन १५मध्ये १७ टॉप्स आहेत पण रॅम ६ जीबी, आणि त्यावर ते चालत नाही. टॉप्स जास्त असूनही तो फोन बाहेर राहिला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भाषेचं मॉडेल उत्तर लिहिताना शब्दाचा एकेक तुकडा तयार करतं. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनसाठी मॉडेलचे सगळे आकडे रॅममधून एकदा पूर्ण वाचावे लागतात. ८०० कोटी आकड्यांचं मॉडेल चार बिटांत आवळून ठेवलं तर ते सुमारे ५ जीबी भरतं. म्हणजे दर टोकनला ५ जीबीची ने-आण. गणिताच्या बाजूने एका टोकनला साधारण १६०० कोटी क्रिया लागतात, आणि ४० टॉप्सचा एनपीयू कागदावर अशी २५०० टोकनं सेकंदाला उरकेल. पण रॅम तेवढ्या वेगानं आकडे पुरवूच शकत नाही. गिरणी कितीही वेगानं दळो, दाणे टाकणारा हात जेवढा चालेल तेवढंच पीठ पडतं.

रॅमच्या वेगाचा, म्हणजे बँडविड्थचा, हिशेब असा. `DDR5-5600`ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला ४४.८ जीबी. दोन पट्ट्या असतील तर ८९.६. स्नॅपड्रॅगन एक्स किंवा इंटेलच्या `V` मालिकेतली सोल्डर केलेली `LPDDR5X` सुमारे १३५. याला ५ जीबीने भागा: एका पट्टीवर कमाल ९ टोकनं, दोनांवर १८, `LPDDR5X`वर २७. प्रत्यक्षात याहून कमीच मिळतात. शिवाय बहुतेक मॉडेल देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे करतात, त्यामुळे मराठीत उत्तर मागितलं की तोच लॅपटॉप आणखी रेंगाळल्यासारखा वाटतो. आपल्याकडे मधल्या किमतीचे बरेच लॅपटॉप १६ जीबीची एकच पट्टी घालून विकले जातात. त्यात दुसरी पट्टी टाकली की हा वेग दुपटीच्या जवळ जातो. इतका फरक १३ टॉप्सच्या जागी ५० टॉप्स घेऊन इथे पडत नाही.

टॉप्स उपयोगी पडतात ते मॉडेल तुमचा मजकूर *वाचत* असताना. वीस पानांचा करार सारांशासाठी दिला की तो वाचून घेण्याचं काम गणितावर अडतं, आणि चांगला एनपीयू किंवा ग्राफिक्स चिप तिथे सीपीयूला सहज मागे टाकते. पण ते सॉफ्टवेअरने एनपीयू वापरला तर. घरच्या घरी मॉडेल चालवायची ओलामासारखी लोकप्रिय साधनं मुख्यतः ग्राफिक्स चिप आणि सीपीयूवर चालतात. एनपीयूसाठी मॉडेल त्या-त्या कंपनीच्या साच्यात वेगळं तयार करावं लागतं, आणि अशी तयार मॉडेल्स मोजकीच असतात.

पायरी ३: ज्या सोयीसाठी पैसे देताय ती तुमच्या उपयोगाची आहे का

`Copilot+ PC`च्या सोयींची यादी लांब आहे, पण खरेदीवर परिणाम व्हावा अशा मला तीनच वाटतात.

पहिली, व्हिडिओ कॉलमधले स्टुडिओ इफेक्ट्स: पार्श्वभूमी धूसर करणं, चेहरा चौकटीत ठेवणं, नजर कॅमेऱ्याकडे वळलेली दाखवणं. रोज तीन-चार तास ऑनलाइन शिकवणाऱ्यांना किंवा बैठकांत असणाऱ्यांना यातून बॅटरी वाचते. पण यातले मूळ इफेक्ट ११-१३ टॉप्सच्या एनपीयूवरही चालतात, ४०ची गरज नाही. यात एक चूक सर्रास होते: झूम किंवा मीटमधलं धूसर करणं चालूच राहतं, ते काम सीपीयू आणि ग्राफिक्स करत राहतात आणि एनपीयू रिकामा बसतो. आधी ॲपमधलं बंद करा, मग टास्कबारच्या क्विक सेटिंग्जमधून `Studio effects` चालू करा. लॅपटॉप बनवणाऱ्याने ते दिलेलं असेल तरच तिथे दिसतं, आणि बाहेरून जोडलेल्या वेबकॅमवर मिळेलच असं नाही.

दुसरी, थेट कॅप्शन. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी हे मोलाचं आहे. पण बोललेलं त्याच भाषेत लिहून दाखवणारी कॅप्शन विंडोज ११मध्ये २०२२पासून कुठल्याही लॅपटॉपवर आहेत. ४० टॉप्स लागतात ते एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत दाखवायला. जपानी किंवा जर्मन क्लायंटशी रोज बोलणाऱ्या पुण्यातल्या इंजिनिअरला त्याचा उपयोग आहे. घरच्यांना मराठी बातम्यांची कॅप्शन हवी असतील तर कॅप्शनच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडून त्यात मराठी आहे का ते खरेदीआधी डोळ्यांनी बघा. एनपीयू कितीही मोठा असो, यादीत भाषा नसेल तर तो काही करू शकत नाही.

तिसरी, रिकॉल. स्क्रीनची ठरावीक वेळाने छायाचित्रं घेऊन नंतर 'तो निळ्या साडीचा फोटो कुठे पाहिला होता' असं शोधू देणारी ही सोय. जून २०२४मध्ये ती येणार होती, पण सगळी नोंद उघड्या डेटाबेसमध्ये राहते हे सुरक्षा तज्ज्ञांनी दाखवल्यावर मागे घेतली गेली आणि बदल करून एप्रिल २०२५मध्ये आली. आता ती आपण होऊन चालू करावी लागते, नोंद कूटबद्ध असते, उघडायला बोट किंवा चेहरा लागतो, आणि सुरू करताना ५० जीबी जागा मोकळी हवी. संशोधन करणाऱ्यांना ती खरोखर आवडू शकते. ज्यांच्या स्क्रीनवर दुसऱ्यांची माहिती असते, म्हणजे वकील, डॉक्टर, कर सल्लागार, त्यांनी ती बंदच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. मग तिच्यासाठी पैसे का मोजायचे?

पायरी ४: दुकानातली पाच मिनिटं

डेमो लॅपटॉपवर `Ctrl + Shift + Esc` दाबा, `Performance` उघडा. डावीकडे `NPU` असा आलेख दिसला पाहिजे. मग `Memory`वर जा. `Form factor`समोर `SODIMM` असेल तर पट्ट्या काढता-घालता येतात, आणि `Slots used`समोर `1 of 2` असेल तर एक जागा रिकामी आहे. `Row of chips` असेल तर रॅम बोर्डावर पक्की आहे, आज घ्याल तेवढीच आयुष्यभर. चिपचं पूर्ण नाव पॉवरशेलमध्ये या ओळीने मिळतं:

```
Get-CimInstance Win32_Processor | Select-Object Name
```

आता एनपीयूचा आलेख समोर ठेवून कॅमेरा ॲप उघडा आणि स्टुडिओ इफेक्ट्स चालू करा. आलेख वर गेला तर काम खरंच एनपीयूवर होतंय. मग विमान मोड चालू करून कॅप्शन सुरू करा (`Win + Ctrl + L`). भाषेची फाईल आधी उतरवलेली असेल तर ती इंटरनेटशिवाय चालली पाहिजेत. जी सोय नेट बंद करताच थांबते, ती बहुधा तुमच्या लॅपटॉपवर चालतच नव्हती. याला एक अपवाद आहे: कोक्रिएटर चित्र एनपीयूवरच काढतं, पण आक्षेपार्ह मजकूर गाळण्यासाठी त्याला इंटरनेट लागतं, म्हणून ते नेटशिवाय अडतं.

एक हिशेब पूर्ण करून बघू

समजा नाशिकमधल्या एका कर सल्लागार बाईंना लॅपटॉप घ्यायचा आहे. काम: टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनने सही, दिवसातून दोन तास कॉल. आणखी एक इच्छा: ग्राहकांची पत्रं, नोटिसा यांचा सारांश कुठल्याही सर्व्हरवर न पाठवता स्वतःच्याच मशीनवर निघावा. समोर तीन पर्याय आहेत.

पहिला स्नॅपड्रॅगन एक्सचा, ४५ टॉप्स, १६ जीबी सोल्डर केलेली रॅम. बॅटरी उत्तम, वेग १३५ जीबी, `Copilot+`चा स्टिकर आहे. पण ही एआरएम जातीची चिप. जुनी सॉफ्टवेअर्स त्यावर अनुकरणाने चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. ते एआरएमसाठीच बनवलेले असावे लागतात. म्हणून स्वाक्षरीचा टोकन, जुना प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, हार्डवेअर लॉकवर चालणारं डीटीपी सॉफ्टवेअर यांपैकी काहीही तुमच्याकडे असेल तर त्या-त्या कंपनीकडे एआरएम ड्रायव्हर आहे का हे आधी विचारायचं. त्यांच्या टोकनचा ड्रायव्हर नसेल तर विवरणपत्रावर सहीच होणार नाही, आणि पर्याय तिथेच बाद. शिवाय विंडोज, ब्राउझर, टॅली यांतच सात-आठ जीबी जातात. वर ५ जीबीचं मॉडेल आणि त्याने वाचलेल्या मजकुराची जागा मिळवली की १६ जीबी काठोकाठ भरते.

दुसरा `Core Ultra 5 225H`, एनपीयू १३ टॉप्स, `DDR5`ची १६ जीबीची एक पट्टी, एक जागा रिकामी. स्टिकर नाही. आहे तसा घेतला तर सारांश रखडत निघेल, सेकंदाला फार तर ९ टोकनं. पण १६ जीबीची दुसरी पट्टी घातली की रॅम ३२ होते, कमाल १८वर जाते आणि मॉडेलसाठी जागाही ऐसपैस राहते. कॉलमधलं धूसर करणं १३ टॉप्सवर निभतं, लॅपटॉप बनवणाऱ्याने स्टुडिओ इफेक्ट्स दिलेत हे दुकानात बघून घेतलं म्हणजे झालं. स्वाक्षरीच्या टोकनला अडचण नाही, कारण ही नेहमीची इंटेल चिप आहे.

तिसरा `Core Ultra 7 258V`, ४७ टॉप्स, ३२ जीबी, वेग १३६. हा सगळ्यात सरस आणि सगळ्यात महाग. प्रवास फार असेल, दिवसभर चार्जरशिवाय राहायचं असेल तर हाच घ्यावा, आणि त्याचं कारण बॅटरी आणि ३२ जीबी हे असेल.

बाईंनी दुसरा घ्यावा आणि दुसरी पट्टी त्याच दिवशी बसवून घ्यावी. तीन पर्यायांत एनपीयूचे आकडे १३, ४५ आणि ४७ होते. निर्णय ठरला तो स्वाक्षरीच्या टोकनच्या ड्रायव्हरवर, रॅमच्या रिकाम्या जागेवर आणि किमतीवर. बाई एखाद्या जर्मन कंपनीच्या सल्लागार असत्या आणि रोज भाषांतरित कॅप्शन लागली असती, तर मात्र ४० टॉप्सची अट पहिल्या क्रमांकावर गेली असती आणि दुसरा पर्याय सुरुवातीलाच गळाला असता.

"पण पुढे सगळं एनपीयूवरच येणार ना?"

दुकानदाराचा हा शेवटचा मुद्दा असतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. विंडोज अशा सोयी वाढवतंय हे खरंच आहे. पण डिसेंबर २०२३मध्ये पहिले कोअर अल्ट्रा लॅपटॉप 'एआय पीसी' म्हणून विकले गेले, लोकांनी भविष्यासाठी म्हणून घेतले, आणि अवघ्या पाच महिन्यांत मायक्रोसॉफ्टने ४०ची रेघ ओढली. ११ टॉप्सवाले सगळे रेघेच्या बाहेर राहिले. पुढची रेघ कुठे ओढली जाईल हे आजच्या स्टिकरवरून कळत नाही. ३२ जीबी रॅम मात्र एआय वापरा वा न वापरा, चार-पाच वर्षं रोज कामी येते. म्हणून १६ जीबी आणि ५० टॉप्स विरुद्ध ३२ जीबी आणि १३ टॉप्स अशी एकाच किमतीत निवड आली, तर मी ३२ जीबीचं नाव घेईन. दोन्हीकडे रॅम, स्क्रीन, सर्व्हिस सेंटर सारखं असेल आणि फरक दोन-तीन हजारांचा असेल, तर ४०च्या वरचा एनपीयू खुशाल घ्या.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी विंडोज अपडेट पूर्ण करा. त्यातच एनपीयूचा ड्रायव्हर आणि स्थानिक मॉडेल्स उतरतात, आणि तोपर्यंत काही सोयी दिसतच नाहीत. त्यानंतरही टास्क मॅनेजरमध्ये `NPU` दिसत नसेल तर `Device Manager`मध्ये `Neural processors` हा विभाग शोधा. तो नसेल किंवा त्यावर पिवळी खूण असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचा ड्रायव्हर टाका. तरीही आलेख आला नाही, तर बिल घेऊन दुकान गाठा आणि लॅपटॉप बदलून मागा.